अनुभव धागा : गणपतीचं रेल्वे बुकिंग, आठ वाजायच्या आधीची तयारी

माहेरवाशीण
यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला. आम्ही १२ तारखेला ठाण्याहून कुडाळला निघणार, माणसं सहा. बुकिंग ६० दिवस आधी सुटतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत, म्हणजे १४ जुलै, सकाळी ८. मागच्या वेळी मी आठ वाजता नावं टाइप करत बसले आणि सासूबाईंचं वय लिहीपर्यंत वेटिंग ९० च्या पुढे गेलं. तुम्ही आधी काय काय करून ठेवता? आपापले अनुभव लिहा.

रुळावरचा
सगळ्यात आधी आधार. १ जुलै २०२५ पासून तत्काळ आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या आरक्षणाची सुरुवातीची वेळ आधार जोडलेल्या खात्यांनाच आहे. My Account मध्ये Authenticate User आहे, तिथे ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. माझं महिनाभर अडलं होतं. खात्यात फक्त नाव-आडनाव होतं आणि आधारवर मधे वडिलांचं नाव. जन्मतारीखही एक दिवसाने वेगळी. हे आदल्या रात्री लक्षात आलं तर काहीच करता येत नाही, म्हणून आजच बघून घ्या.

कोकणी_मेवा
सहाही जणांचं आधार लागतं. आम्ही आजोबांचं आधार अपडेट करायला दोनदा रांगेत उभे राहिलो.

रुळावरचा
नाही हो, आधार जोडायचं ते तिकीट काढणाऱ्याच्या खात्याला. प्रवाशांचं लागतं ते महिन्याला १२ च्या वर तिकिटं काढायची असतील तेव्हा, आणि तेही तिकिटावरच्या निदान एकाचं. आजोबांचं अपडेट झालं ते बरंच झालं म्हणा.

दोन_मुलांची_आई
मास्टर लिस्टबद्दल सांगते. My Profile मध्ये Master List आहे, तिथे नाव, जन्मतारीख, बर्थची आवड भरून ठेवायची. बुकिंगच्या वेळी नावाच्या चौकटीत पहिली अक्षरं टाकली की यादी खाली उतरते आणि बाकीचं आपोआप भरतं. माझी चूक अशी झाली की धाकटीला, वय ४, यादीतून प्रवासी म्हणून घेतलं. पाच वर्षांच्या आतलं मूल वेगळी बर्थ नको असेल तर खालच्या Infant च्या जागेत लिहायचं असतं, त्याला तिकीट लागत नाही. मी पूर्ण भाडं भरून बसले! थोरला ८ वर्षांचा. त्याला बर्थ हवी की नको, हेही आधीच ठरवा. बर्थ घेतली तर पूर्ण भाडं, नाहीतर अर्धं.

निवृत्त_टीसी
माहेरवाशीण, सासूबाईंना खालची बर्थ हवी असेल तर सहाही जण एका तिकिटावर घालू नका. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थच्या कोट्यात एका तिकिटावर दोघांपर्यंतच माणसं चालतात. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा. आठ ते दहात एका खात्यावर दोनच तिकिटं निघतात आणि एक निघालं की पुन्हा लॉगिन करावं लागतं. त्यामुळे दुसरं तिकीट यजमानांच्या खात्यावरून, त्यांच्या आधारवर, त्यांच्याच फोनवरून काढा. आणि ती दोन नावं त्यांच्या मास्टर लिस्टमध्येही भरून ठेवा. एका खात्यातली यादी दुसऱ्या खात्यात दिसत नाही, हे लोक हमखास विसरतात.

कल्याणकर
तारखेचा घोळ कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. आम्ही मंगला एक्सप्रेसने जातो. ती निजामुद्दीनहून आदल्या दिवशी सुटते. ६० दिवस तिथल्या तारखेपासून मोजतात. १२ सप्टेंबरला कल्याणला चढायचं तर गाडी ११ ची, बुकिंग १३ जुलैला सुटणार. आम्ही १४ ला ताजेतवाने होऊन बसलो असतो, तर एक दिवस शिळं वेटिंग हातात आलं असतं. तत्काळलाही हेच. एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला, पण सुरुवातीच्या स्टेशनवरून गाडी सुटते त्याच्या आदल्या दिवशी.

माहेरवाशीण
बापरे! आमची दादरहून सुटणारी आहे, म्हणजे १४ च ना?

कल्याणकर
हो, त्याच दिवशी सुटत असेल तर १४. तरी वेळापत्रकात सुरुवातीचं स्टेशन आणि दिवस बघाच.

पैसे_अडकले
यूपीआयने भरताना ॲप बदललं, परत येईपर्यंत सेशन गेलं. पैसे कापले, तिकीट नाही. चार दिवसांनी परत आले. तेव्हापासून आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये भाड्यापेक्षा थोडे जास्त पैसे टाकून ठेवतो. मात्र ते पैसे तिथून बँकेत मनासारखे काढता येत नाहीत, म्हणून जेमतेम लागतील तेवढेच.

रुळावरचा
लॉगिन ७:५५ ला. फार आधी केलं तर बसल्या बसल्या बाहेर काढतं.

दोन_मुलांची_आई
मी ७:५० ला करते आणि मधे मधे गाडी शोधत राहते. अजून तरी बाहेर काढलेलं नाही.

शेवटची_लोकल
मला डोंबिवली ते दादर रोजचं काढायचंय, त्यालाही मास्टर लिस्ट भरावी लागते का?

निवृत्त_टीसी
नाही. लोकलच्या तिकिटाला नावं लागतच नाहीत.