मदत हवी आहे: एकच स्वर भराभर वाजवताना अपराईट अडतो, ग्रँड अडत नाही

शाल्मली_नाशिक
मुलगी घरी जुन्या अपराईट पियानोवर सराव करते. एकच स्वर वेगात चार-पाचदा वाजवला की मधला एखादा गळतो. तिच्या शिक्षिकेकडच्या ग्रँडवर तोच वेग नीट निघतो. पट्टीही तिथे भरीव लागते, घरी पोकळ. त्यातही मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या फारच दगा देतात. दोष बोटांचा की पियानोचा?

गोदाकाठ
ग्रँडचा हॅमर स्वतःच्या वजनाने खाली पडतो. अपराईटचा उभा असतो, त्याला स्प्रिंग मागे नेते. ती स्प्रिंग कडक करून घ्या.

जुनासुतार
पहिला भाग बरोबर, पण स्प्रिंगला हात लावू नका. पट्टी जड होईल आणि अडचण तिथेच राहील, कारण अडतं ते जॅकपाशी. तो हॅमरला ढकलतो आणि तारेला लागण्याच्या जरा आधी निसटतो. पुढचा ठोका हवा तर त्याला परत हॅमरच्या बुडाखाली जावं लागतं. अपराईटमध्ये त्यासाठी पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. ग्रँडमध्ये एरारची 1821 ची दुहेरी एस्केपमेंट आहे. पट्टी थोडी सुटली की स्प्रिंगवर तोललेली एक तरफ हॅमरला उचलून धरते आणि तेवढ्यात जॅक पुन्हा त्याच्याखाली येऊन बसतो. पट्टी अर्धीच सोडून पुन्हा दाबून बघा, ग्रँड वाजेल, अपराईट बहुधा नाही. एवढा फरक रचनेचाच आहे, त्यात मुलीच्या बोटांचा दोष नाही.

त्या दोन पट्ट्यांचं वेगळं. झाकण उघडून पट्टी अगदी हळू दाबा. पट्टी खाली गेली तरी हॅमर आधी हललाच नाही, तर मध्ये फट आहे आणि पोकळपणा तिचाच. उलट फट अजिबात नसेल तर जॅकला परत शिरायला जागा मिळत नाही आणि स्वर गळतो. हे ओळखायला डावा पेडल दाबून तोच स्वर भराभर वाजवा. पेडलने हॅमर पुढे सरकतात आणि जॅकला जागा होते. गळणं थांबलं तर पट्टीच्या मागच्या टोकावरचा कॅपस्टन स्क्रू किंचित खाली घ्यावा लागेल. पाव फेऱ्याहून कमीच, आणि प्रत्येक वेळी वाजवून बघत.

सूरमयी
माझ्या डिजिटलला तीन सेन्सर आहेत, त्यावर असं होतच नाही. तोच घ्या ना.

जुनासुतार
तीन सेन्सरमुळे पट्टी पूर्ण वर न येताही पुढचा ठोका नोंदला जातो, हे खरं. पण त्यात हा जॅक नाही, त्यामुळे घरच्या पियानोचं निदान त्यावरून होणार नाही.

शाल्मली_नाशिक
पेडल दाबल्यावर एक पट्टी सुधारली. दुसरी तशीच, आणि सोडल्यावर सावकाश वर येते.

जुनासुतार
पहिलीचा कॅपस्टन ट्यूनरकडून करून घ्या. दुसरीत पावसाळी दमटपणाने पट्टीच्या भोकातलं कापड फुगलेलं असू शकतं, किंवा हॅमरची पिन जाम असेल. पट्टी न दाबता हॅमर बोटाने हलकेच पुढे ढकलून सोडा. तो झटकन मागे आला तर पट्टीवर संशय, रेंगाळला तर पिनवर.

शाल्मली_नाशिक
रेंगाळतो. पण शेजारचा हॅमरही तसाच येतो आणि तो स्वर मात्र नीट वाजतो. मग?