इस्तिखाऱ्यानंतर स्वप्न पडले नाही तर

«बहिणीच्या स्थळासाठी इस्तिखारा केला, पण स्वप्नात काहीच दिसले नाही. होकार द्यावा की नकार?»

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह यांच्याकडून सहीह बुखारीत आलेल्या इस्तिखाऱ्याच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. फर्जव्यतिरिक्त दोन रकात नमाज अदा करून दुआ पढावी आणि तीत आपल्या कामाचे नाव घ्यावे, एवढेच तेथे सांगितले आहे. हिरवे दिसले तर होकार आणि काळे दिसले तर नकार, हे संकेत लोकांनी जोडलेले आहेत.

हे काम दीन, उपजीविका आणि परिणाम यांच्या दृष्टीने भले असेल तर ते माझ्या नशिबी कर व सोपे कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर कर, असे ही दुआ मागते; म्हणजे ती खबर मागत नाही, व्यवस्था मागते. म्हणून मुलाची नोकरी, कर्ज आणि वागणूक यांची चौकशी करावी, बहिणीची मर्जी विचारावी (खरे तर इस्तिखारा तिनेही करायला हवा) आणि सारे ठीक असल्यास बोलणी पुढे न्यावीत. चौकशीत खोट निघाली किंवा समोरच्यांनीच माघार घेतली, तर ते ‘दूर करणे’ समजावे. इमाम नववी मनाच्या कलाला महत्त्व देतात, मात्र आधीपासूनच असलेल्या प्रबळ इच्छेला कौल मानू नये, असेही ते बजावतात. मन द्विधाच राहिले तर इस्तिखारा पुन्हा करण्यास हरकत नाही.