मदत हवी आहे: कथेतल्या निवृत्त गुरुजींना निबंध यंत्राचा आहे हे नेमकं कशावरून जाणवेल?

मृण्मयी:
नमस्कार. एक लघुकथा लिहितेय आणि गेले पंधरा दिवस एकाच पानावर अडकलेय.

कथा निफाडकडच्या एका गावातली. गुरुजींनी आयुष्यभर माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि २०१६ साली ते निवृत्त झाले. गावातलं वाचनालय दरवर्षी निबंध स्पर्धा घेतं, त्याचे ४३ निबंध त्यांच्या घरी येतात. सगळे हाताने लिहिलेले. विषय 'शेतकऱ्याचे मनोगत'. सतराव्या निबंधापाशी गुरुजींचा लाल पेन थांबतो. निबंध एका नववीतल्या मुलीचा आहे. त्यातला हा तुकडा मी असा लिहिलाय:

"मी एक शेतकरी आहे. माती ही केवळ माझी जमीन नाही, तर माझी ओळख आहे. जेव्हा सोनेरी गव्हाची कणसे वाऱ्यावर डोलतात, तेव्हा माझे हृदय आनंद, अभिमान आणि समाधानाने भरून येते."

यापुढे मी लिहिलंय, "गुरुजींना ते शब्द थंड लागले." हे वाक्य मलाच पटत नाही. थंड म्हणजे काय? गुरुजी स्मार्टफोन फक्त फोन घ्यायला वापरतात. अक्षर मुलीचंच आहे. मग त्यांना कागदावर दिसतं तरी काय? तुमच्यापैकी कोणी पेपर तपासले असतील तर सांगा ना.

संगणकवाला:
सोपं आहे ताई. गुरुजींच्या नातवाला निबंध टाइप करून एखाद्या तपासणाऱ्या संकेतस्थळावर टाकू दे. ९८ टक्के यंत्र असं उत्तर येईल. विषय संपला.

दुसरी_आवृत्ती:
संगणकवाला, इथे विषय संपत नाही. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी काढलं, त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असं तपासणारं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून जुलैत ते बंदही केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. कारण ही साधनं बहुतेक एवढंच बघतात की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. ज्याच्याकडे शब्द कमी, तो ओळखीचेच शब्द वापरणार आणि अडकणार. हे सगळं इंग्रजीतलं. गावच्या पोरीच्या मराठी निबंधावर तो आकडा लावणं मला तरी भीतिदायक वाटतं.

मृण्मयी, नातवाचा प्रसंग घेतलात तर आकडा चुकीचा येऊ शकतो हे कथेत असू द्या.

खडू_आणि_फळा:
मृण्मयीताई, मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं दहावीचे पेपर तपासले, शेवटी नियामक होतो. तुमच्या गुरुजींच्या खुर्चीत बसून सांगतो.

पहिलं म्हणजे, नक्कल आम्हाला नवी नाही. गाईडमधून पाठ केलेला निबंध आम्ही तिसऱ्या ओळीला ओळखायचो. 'शेतकऱ्याचे मनोगत' असेल तर सुरुवात 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' या म्हणीने, मध्ये तुकोबांची ओळ, शेवटी 'जय जवान, जय किसान'. आणि गठ्ठ्यात तोच परिच्छेद चार पेपरांत शब्दाला शब्द सापडायचा. गाईड लिहिणारा शेवटी मराठी मास्तरच असायचा. त्याची म्हण, त्याची ओळ, त्याचं वळण त्यात राहायचं.

तुमच्या सतराव्या निबंधात तसं वळणच नाही. 'केवळ अमुक नाही, तर तमुक' ही मोड तुम्ही बरोबर पकडलीत. 'मी एक शेतकरी आहे' यातला 'एक' बघा. शेतकरी असं बोलत नाही, 'मी शेतकरी' म्हणतो किंवा सरळ कामाचं सांगायला लागतो. पण भाषणं ऐकून मुलंही हल्ली तसं लिहितात, तेव्हा एका वाक्यावर गुरुजींनी थांबू नये. त्यांनी सतरावा, बाविसावा आणि तिसावा असे तीन निबंध शेजारी ठेवावेत. शब्द तिन्हीत वेगळे. सांधे मात्र सारखे. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक गोल वाक्य, जिथे भावना आहे तिथे तीन नामं ओळीने, तिसरा परिच्छेद 'आव्हानां'चा, चौथा उद्याच्या आशेचा. गाईडमध्ये शब्द जुळायचे, इथे सांगाडा जुळतो. माझ्या मते हाताला जाणवतं ते हे.

दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण तुमचे निबंध हस्तलिखित आहेत. स्वतः लिहिणाऱ्या मुलाची चूक कानाची असते. 'म्हनून', 'आणी', 'पाउस'. शिवाय तो वाक्याच्या मध्ये बेत बदलतो. 'भाव मिळाला' लिहितो, 'मिळाला' खोडतो, 'मिळालाच नाही' करतो. बघून उतरवणाऱ्याची चूक डोळ्याची असते. समजा पडद्यावर अशी दोन वाक्यं आहेत:

"पाऊस वेळेवर आला की माझे मन आनंदाने भरून येते. पण बाजारात भाव कोसळला की माझे डोळे पाण्याने भरून येतात."

मुलगी 'आनंदाने भरून' इथपर्यंत उतरवते, वहीकडे बघते, परत पडद्याकडे बघते. नजर दुसऱ्या 'भरून'वर पडते. वहीत उतरतं, "पाऊस वेळेवर आला की माझे मन आनंदाने भरून येतात." मधला बाजार गळाला आणि मन अनेकवचनी झालं. जिला व्याकरण येतं ती रचताना असं चुकणार नाही. ही जागा गुरुजी बोट ठेवून दाखवू शकतात.

पण यातून फक्त उतरवलंय एवढंच कळतं. यंत्रावरून, भावाच्या वहीवरून की गाईडवरून, ते नाही कळत.

आईपण_नववी:
ज्यांना मुलं पकडायची आहेत त्यांनी आधी हे वाचा. माझी मुलगी नववीत आहे, खूप वाचते, त्यामुळे पुस्तकी लिहिते. 'तथापि' लिहिते, 'किंबहुना' लिहिते. वर्गात सगळ्यांसमोर बाईंनी विचारलं, हे तुझं नाहीच ना? मग समोर बसवून २० मिनिटांत नवा निबंध लिहायला लावला. तिला चार ओळी सुचल्या. बाई म्हणाल्या, बघ. त्या दिवसापासून ती निबंधात मुद्दाम साधे शब्द घालते, चांगलं वाक्य सुचलं तरी खोडते. तुम्ही शिक्षक लोक हे का विचारात घेत नाही?

मृण्मयी:
ताई, मी शिक्षिका नाही, हे एका कथेसाठी विचारतेय. पण तुमच्या लेकीचं वाचून गलबलून आलं. चांगलं वाक्य सुचूनही खोडणारी मुलगी माझ्या गठ्ठ्यात असायलाच हवी, तुमची हरकत नसेल तर. नाव-गाव काही येणार नाही.

सर, ते 'भरून येतात' वाचून मी उठून उभीच राहिले. हेच हवं होतं.

आईपण_नववी:
माफ करा, गैरसमज झाला. घ्या कथेत. पण तिच्या बाईंना खलनायिका करू नका, त्या एरवी फार जीव लावतात.

चाळकरी:
निफाड म्हणताय म्हणून लिहितो, आमची शेती लासलगावजवळ. ताई, गव्हाला कणीस नसतं, ओंबी असते. कणीस ज्वारी-बाजरीचं, मक्याचं. भाताची लोंबी. शेतकऱ्याच्या पोरीच्या हातून 'गव्हाची कणसे' सहसा यायची नाही. आणि निफाडची पोर शेतकऱ्याचं मनोगत लिहिणार आणि त्यात कांदा नाही? उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात काढतो, पात कापतो, साठवणीच्या कांदाचाळीत भरतो, भावाची वाट बघत पावसाळा काढतो. दमट हवेत मधला थर सडला की वास आधी घरातल्या बाईमाणसाला येतो. मग पोरं सुट्टीच्या दिवशी चाळ निवडायला बसतात, सडका वेगळा, बारीक कांद्याची गोल्टी वेगळी. बोटांचा वास दोन दिवस जात नाही. वहीलाही येतो.

खडू_आणि_फळा:
चाळकरी, ओंबीचं मला सुचलं नव्हतं, धन्यवाद. फक्त एक सांगतो. 'गव्हाची कणसे' मी पाठ्येतर पुस्तकांत आणि शहरी मुलांच्या पेपरांत कितीदा वाचलंय. तो पुरावा धरू नका.

चाळकरी:
पुरावा नाही, बरोबर. माझा पुतण्याही लिहील कदाचित, त्याने गहू पोत्यातच पाहिलाय. पण तिच्या बापाची चाळ असेल तर?

मृण्मयी:
तिच्या बापाची चाळ आहे. आता ठरलं. नवा खर्डा टाकतेय:

"गुरुजींनी 'भरून येतात' खाली रेघ मारली नाही. त्यांनी बोटाने ती जागा दाबून धरली. इथे काहीतरी होतं आणि ते खाली पडलं होतं. मग त्यांनी वही नाकाजवळ नेली. कागदाला कांद्याचा वास होता. चार पानं लिहिली होती आणि चार पानांत कांदा कुठेच नव्हता."

पुढे गुरुजी मुलीच्या घरी जातात. प्रश्न हा की ते काय विचारतील? 'हे तू लिहिलंस का' विचारलं तर आईपण_नववी यांच्या लेकीसारखं होईल.

संगणकवाला:
वासाचं चांगलं आहे. माझा आकडा मागे घेतो. पण मग बक्षिसाचं काय? तिघांनाही बाद करायला नको का? ज्यांनी स्वतः लिहिलं त्यांच्यावर अन्याय नाही का?

खडू_आणि_फळा:
हा प्रश्न खरा आहे. मी परीक्षक असतो तर तिन्ही निबंधांना जेवढे गुण जमतात तेवढेच दिले असते, शंकेचे गुण कापले नसते. गोल वाक्यांना तसेही जास्त गुण मिळत नाहीत. घरी जाऊन विचारणं मात्र मला पसंत नाही. नववीतली पोर, आईबाप समोर, गुरुजी दारात. ती रडेल किंवा खोटं बोलेल. त्यांनी तिला वाचनालयात, वही परत देताना विचारावं, "पाऊस वेळेवर आला, पुढे काय गं होतं? एक वाक्य राहिलंय बहुतेक." जिने रचलंय ती लगेच सांगेल. जिने उतरवलंय तिला आठवणार नाही, पण तिच्यावर आरोपही झालेला नसेल.

दुसरी_आवृत्ती:
सर, मला नाही पटत. स्वतः लिहिलेलं वाक्यही मला आठवड्यानंतर आठवत नाही. तोही सापळाच झाला, फक्त मऊ.

खडू_आणि_फळा:
असेल. माझ्याकडे याहून बरा प्रश्न नाही.

चाळकरी:
मग निबंधाचं काही विचारूच नका. "यंदा चाळ कधी फोडली?" एवढं विचारा. ती आपसूक बोलायला लागेल, बाप काय म्हणाला, व्यापाऱ्याने ट्रॉलीत हात घालून कुठला कांदा वर काढला, सगळं सांगेल.

मृण्मयी:
चाळकरी दादा, हाच प्रश्न घेते. ती बोलतेय आणि गुरुजींच्या हातात तिची वही आहे, इथवर लिहून झालंय. वही ते तिला परत देतात की जवळ ठेवतात, ते अजून ठरत नाहीये. आज रात्री पुन्हा बसते. आणि एक राहिलंच: व्यापाऱ्याने ट्रॉलीतून कांदा उचलला की तो आधी काय बघतो, साल की मान?

चाळकरी:
दाबून बघतो. मान मऊ लागली की भाव पडला.