मालकाने भाडं कमी केलं, मग फिरला: एक लाख द्यायचे का?

लॉ_दुसरं_वर्ष: पेपरातला प्रश्न. खडेबाजारातलं दुकान, तीन वर्षांचा रजिस्टर्ड करार, भाडं महिना 20,000. एप्रिल 2020 मध्ये मालक म्हणतो, "धंदा रुळावर येईपर्यंत 10,000 द्या, पावसाआधी छपरही करून देतो." भाडेकरू शहापुरात मिळत असलेलं स्वस्त दुकान नाकारून इथेच राहतो. दहा महिन्यांनी मालक उरलेले एक लाख मागतो. माझं उत्तर: भाडेकरूने बदल्यात काहीच दिलं नाही. मोबदला नाही, तर शब्दाला किंमत नाही. मालक जिंकतो. एस्टॉपेल, म्हणजे दिलेल्या शब्दावरून फिरू न देण्याचं तत्त्व, लिहिणारे नुसती पानं भरतात.

वकीलबाई_टिळकवाडी: शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मोबदला नाही, इथपर्यंत तुझं बरोबर आहे. शहापूरचं दुकान त्याने सोडलं, पण मालकाने "ते सोड" असं सांगितलं नव्हतं. करार कायद्याच्या कलम 2(ड) ला वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून केलेली गोष्ट लागते. पण एस्टॉपेल देवाणघेवाण शोधतच नाही. त्या शब्दावर विसंबून भाडेकरू काय करून बसला आणि आता मालकाला फिरू देणं अन्यायाचं होईल का, एवढंच ते बघतं. शहापूरचं दुकान आता त्याला परत मिळणार नाही. मोबदला म्हणून निरुपयोगी ठरलेली तीच गोष्ट इथे कामाला येते.

आता एक लाख. इंग्लंडमधल्या हाय ट्रीज खटल्यात युद्धामुळे 1940 मध्ये वर्षाचं भाडं 2,500 पौंडांवरून 1,250 केलं होतं. 1945 मध्ये फ्लॅट पुन्हा भरले. शेवटच्या दोन तिमाहींचं पूर्ण भाडं न्यायाधीश डेनिंग यांनी मालकाला दिलं, पण युद्धकाळातली बाकी मागितली असती तर ती मिळाली नसती, असं म्हटलं. तोच धागा इथे धर: मागचे एक लाख गेले, पुढचं पूर्ण भाडं मात्र वाजवी नोटीस देऊन सुरू करता येतं. मूळ करार मेलेला नाही, थांबलेला आहे.

शहापूरकर_काका: हे सगळं पुस्तकात ठीक हो. माझ्या मालकानं डिपॉझिटातले पैसे रंगकामाला म्हणून कापून घेतले. भिंती मी आलो तेव्हाच पोपडे धरलेल्या होत्या! त्याला लावा की तुमचं एस्टॉपेल.

वकीलबाई_टिळकवाडी: काका, डिपॉझिट परत द्यायचं करारात लिहिलंय ना? मग तिथे मोबदला आहे, करारावरूनच दावा करा. एस्टॉपेल लागत नाही.

शहापूरकर_काका: करार कन्नडमध्ये होता, मी सही करून सोडलो. आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांचं तसंच. फोटो कुणी काढून ठेवलेत?

गणपत_गल्ली: काका, मालकांनाही विचारा. माझ्या भाडेकरूने भिंतीत खिळे मारून चाळण केली आणि डिपॉझिट मागायला पहिला हजर. रंगाचे पैसे कोण देणार?

शहापूरकर_काका: खिळ्यांचे घ्या की! पोपड्यांचे का घेता? तुमच्यासारख्यांमुळेच आम्ही शेवटचे दोन महिने भाडं थांबवतो.

वकीलबाई_टिळकवाडी: ते थांबवणं तुमच्याच अंगाशी येईल. मूळ प्रश्नाकडे या.

निपाणी_एलएलबी: मी येतो. मालकाने छपर केलं नाही, तरी त्याचा खर्च भाडेकरूला मिळणार नाही. एस्टॉपेल ढाल आहे, तलवार नाही. कोंब विरुद्ध कोंब, 1951. विषय संपला.

वकीलबाई_टिळकवाडी: इंग्लंडमध्ये संपला. आपल्याकडे मोतीलाल पदमपत, 1979: सरकारने कारखान्याला विक्रीकराची सूट कबूल केली आणि फिरलं. सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की यावर दावाही उभा राहतो. छपराची खरी अडचण वेगळीच आहे. शहापूर नाकारलं ते कमी भाड्यामुळे की छपरामुळे, हे प्रश्नात नाही.

निपाणी_एलएलबी: तो खटला सरकारविरुद्ध होता. खासगी मालकाला तसाच लावाल, हे पटत नाही.

वकीलबाई_टिळकवाडी: तत्त्व सरकारपुरतं नाही. पण वाद आहे, हे मान्य.

लॉ_दुसरं_वर्ष: ठीक, एस्टॉपेल लिहितो. पण मग करार कायद्याचं कलम 63 कशाला आहे? येणं असलेला माणूस मोबदल्याशिवायही सूट देऊ शकतो, असं तेच म्हणतं ना?

वकीलबाई_टिळकवाडी: हाच मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये हवा होता. इंग्लंडमध्ये फोक्स विरुद्ध बीअर हा निकाल, की थोडे पैसे घेतले म्हणून बाकी सुटत नाही, आडवा येतो, म्हणून तिकडे डेनिंगना एस्टॉपेल लागलं. आपल्याकडे 10,000 पूर्ण भाडं म्हणून स्वीकारले की बाकी सुटते. पावत्या बघ. "एप्रिलचं भाडं पूर्ण मिळालं" असेल तर 63 पुरतं. "भाड्यापैकी 10,000 मिळाले" असेल तर 63 डळमळतं आणि एस्टॉपेलवर उभं राहावं लागतं.

गणपत_गल्ली: करार रजिस्टर्ड आहे. साक्ष कायद्याच्या जुन्या कलम 92 प्रमाणे तोंडी बदल सिद्धच करता येत नाही. मालक एवढंच बोलेल.

वकीलबाई_टिळकवाडी: बोलेल, आणि जोरात बोलेल. माझं म्हणणं, करार बदलला असं न म्हणता त्या महिन्यांची बाकी सोडली असं मांडायचं. न्यायाधीश ऐकतील याची हमी देत नाही.

शहापूरकर_काका: म्हणजे माझ्या रंगाच्या पैशाला पावती लागणार, असंच ना?