'लिजन' : गाठ, व्रण की डाग?

दादरकर: रुग्णांसाठी लिव्हरच्या तपासण्यांची पत्रिका मराठीत करतोय. नमुन्याच्या रिपोर्टात आहे, 'उजव्या भागात २.८ सेंमीचा लिजन, बहुधा हिमॅन्जिओमा.' मी 'व्रण' लिहिलं, संपादिकेनं 'गाठ' केलं. कोण बरोबर?

शुद्धमती: दोघंही चूक. 'विकृतिस्थल' लिहा.

लालबागवाला: विकृतिस्थल वाचून पेशंट रिपोर्ट फेकून देईल!

परळ-रेडिओलॉजी: 'व्रण' तर नकोच, नातेवाईक मलम विचारतील. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तानं भरलेल्या बारीक पोकळ्यांचा पुंजका. जखम कुठेच नाही. 'गाठ' म्हटलं की लोकांना कॅन्सरच ऐकू येतो. मी तोंडी 'डाग' म्हणतो.

लालबागवाला: सोपं आहे की. कॉन्ट्रास्ट दिल्यावर चमकला तर साधा, काळा राहिला तर कॅन्सर.

परळ-रेडिओलॉजी: असं पत्रिकेत छापू नका हं. लिव्हरचा कॅन्सरही धमनीच्या टप्प्यात चमकतो. फरक पुढे कळतो. हिमॅन्जिओमा कडेला तुटक ठिपक्यांनी उजळतो, ते ठिपके महाधमनीइतकेच उजळ असतात, मग मिनिटामिनिटाला आत भरत जातो आणि उजळच राहतो. कॅन्सर नंतर आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट पडतो, त्यालाच 'वॉशआउट' म्हणतात. एफएनएच, म्हणजे लिव्हरच्याच पेशींचा साधा, कॅन्सर नसलेला पुंजका, सुरुवातीला एकसारखा उजळतो आणि मग लिव्हरमध्ये मिसळून जातो. मधला व्रणासारखा पट्टा मात्र उशिरा उजळतो.

शुद्धमती: म्हणजे व्रण चालतो!

गोरेगाव_पूर्व: माझ्या बायकोचा ३ सेंमीचा डाग एमआरआयच्या टी-टू चित्रात पांढराशुभ्र होता, पण तीन मिनिटांच्या चित्रात काळपट. रिपोर्टात 'वॉशआउट' लिहिलंय. कॅन्सर?

परळ-रेडिओलॉजी: इथून निदान सांगता येणार नाही. आधी कॉन्ट्रास्ट कोणतं ते पाहा. गॅडोक्सेटेट असेल, तर तीन मिनिटांपर्यंत निरोगी लिव्हरच ते शोषून उजळायला लागतं आणि शेजारचा हिमॅन्जिओमा उगाच काळा वाटतो. म्हणून त्या औषधात वॉशआउट साधारण सत्तर सेकंदांच्या चित्रातच मोजायचं. तिथे डाग महाधमनीइतका उजळ असेल, तर दिलासा आहे. वीस मिनिटांच्या चित्रात एफएनएच लिव्हरइतका किंवा जास्त उजळ दिसतो, हिमॅन्जिओमा काळाच. त्या काळ्याला घाबरू नका. पण सिरॉसिस, जुना हेपॅटायटिस बी किंवा दुसरीकडे कॅन्सर असेल, किंवा कडेला सलग कडं उजळत असेल, तर चित्रं रेडिओलॉजिस्टसमोर पुन्हा ठेवा.

गोरेगाव_पूर्व: तिला हेपॅटायटिस बी आहे.

परळ-रेडिओलॉजी: मग फक्त रिपोर्ट नको, सीडी घेऊन लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा.

शुद्धमती: 'वॉशआउट'ला 'निचरा' सुचवते.

परळ-रेडिओलॉजी: निचरा म्हटलं की नळी घालून पू काढल्यासारखं वाटतं.

लालबागवाला: 'विटला' म्हणा. लुगडं विटतं तसा.

शुद्धमती: लुगडं महिन्यांनी विटतं, मिनिटांत नाही!