मदत हवी आहे : चौघांच्या तिकिटातून एकाचं नाव काढायचं आहे, बाकी तिघांचं काय होईल?

सुदामानगरची_सून · रविवार, 8 डिसेंबर 2024, रात्री 9:40

नमस्कार. शुक्रवारी, 13 तारखेला, इंदूर-दौंड गाडीने पुण्याला लग्नाला निघतोय. थर्ड एसीत चौघांचं एकच तिकीट आहे : सासूबाई (वय 71), माझे मिस्टर, मी आणि थोरले दीर. आज जेवताना दिरांनी सांगितलं की ऑफिसात ऑडिट लागलंय, रजा नाही. झालं! सासूबाईंचा घास तिथेच अडकला.

जाण्याच्या तिकिटावर चौघेही कन्फर्म आहेत. पण बर्थ असे आहेत की दिरांना 17 म्हणजे लोअर, सासूबाईंना 18 म्हणजे मिडल, आणि आम्हा दोघांना 19 आणि 22, दोन्ही अपर. ठरलं होतं की दीर मिडलवर जातील आणि आई खाली झोपतील. सोमवारच्या, 16 तारखेच्या परतीच्या तिकिटावर आम्ही तिघं कन्फर्म आणि दीर WL 9.

विचारायचं एवढंच की फक्त दिरांचं नाव काढता येतं का? काढलं तर आमचा पीएनआर बदलतो का, आमच्या जागा हलतात का? आणि 17 नंबर आईंना मिळेल का? पैसे मिस्टरांच्या यूपीआयवरून भरलेत, तिकीट माझ्या लॉगिनवरून काढलंय. माणशी 1400 च्या आसपास पडले.

---

पोहे_जिरावन · रात्री 9:58

एअरलाइनला फोन लावा आणि पीएनआर स्प्लिट करून मागा. ते त्या एकाचा वेगळा पीएनआर करतात आणि मग तो कॅन्सल होतो. भावाचं इंदूर-पुणे असंच केलं होतं.

सुदामानगरची_सून · रात्री 10:03

अहो दादा, रेल्वेचं विचारतेय. विमानात 17 नंबर लोअर असता तर सासूबाई आनंदाने गेल्या असत्या.

पोहे_जिरावन · रात्री 10:05

अरे भिया! शीर्षकच वाचलं फक्त. चालू द्या.

---

खिडकी_क्रमांक_तीन · रात्री 10:31

मी आरक्षणाच्या खिडकीमागे बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. एकेक घेऊ.

एकाचंच नाव काढता येतं. ज्या लॉगिनवरून तिकीट काढलंत त्याच लॉगिनवर `My Transactions` मध्ये `Booked Ticket History` उघडा, तिकीट निवडून `Cancel Ticket` दाबा. चौघांची नावं येतील आणि प्रत्येकापुढे चौकोन असेल. फक्त दिरांपुढे खूण करा. इथेच लोक चुकतात, घाईत सगळ्यांना खूण करून मोकळे होतात आणि मग रद्द झालेलं तिकीट परत उभं राहत नाही. तेव्हा पुढचं बटण दाबण्याआधी नावं मोठ्याने वाचा.

तुम्हा तिघांचा पीएनआर तोच राहतो, 18, 19, 22 जागाही त्याच. दिरांच्या ओळीत `CAN` दिसायला लागेल. त्यानंतर तिकिटाचा नवा प्रिंट काढा किंवा मोबाइलवर नवीन उतरवून घ्या, जुन्यावर चौघं दिसत राहतात. तिकीट तुमच्या लॉगिनचं आहे की आणखी कुणाच्या, याने टीसीला फरक पडत नाही. उरलेल्या तिघांपैकी एकाचं मूळ ओळखपत्र हवं.

आता पैसे. गाडी सुटायला 48 तासांपेक्षा जास्त असताना थर्ड एसीच्या कन्फर्म जागेचे माणशी 180 आणि वर जीएसटी कापतात. म्हणजे बुधवारी गाडीच्या वेळेपर्यंत केलंत तर 190 च्या घरात. ती वेळ उलटली की भाड्याच्या 25 टक्के, म्हणजे 1400 धरले तर 350 आणि जीएसटी. शेवटचे 12 तास लागले की 50 टक्के, आणि सुटायला चार तास उरले की शून्य. हे सगळं एका माणसापुरतं कापतात, तिघांच्या भाड्याला हात लागत नाही. बुकिंगच्या वेळचं सुविधा शुल्क मात्र परत येत नाही.

आणि 17 नंबर? तो दिरांचा आहे. नाव काढलं की तो तुमच्या तिकिटातून जातो आणि आरएसीतल्या किंवा वेटिंगच्या माणसाकडे सरकतो. आपोआप आईंकडे येणार नाही.

---

मामाश्री_रामबाग · रात्री 10:44

मग दिरांऐवजी सासूबाईंचं नाव रद्द करा आणि त्यांना 17 वर झोपवा! नाहीतर रद्दच करू नका. पैसे भरलेत ना, जागा आपली. चार पैसे वाचवायला बसलात आणि लोअर घालवून बसाल.

खिडकी_क्रमांक_तीन · रात्री 10:52

मामा, पहिला सल्ला विसरा. दिरांच्या नावावर सासूबाई गेल्या तर तो दुसऱ्याच्या तिकिटावरचा प्रवास झाला, बिनतिकीट धरतील. 71 व्या वर्षी बाईंना गाडीत उभं करून दंड भरायचा का?

दुसरा निम्मा बरोबर आहे. नाव राहू दिलं तर गाडी सुटेपर्यंत जागा तुमचीच दिसते. पण दीर आले नाहीत की टीसी ती जागा आरएसीवाल्याला देतो, त्याचा तो हक्कच आहे. म्हणजे लोअरही गेला आणि 1400 सुद्धा.

मामाश्री_रामबाग · रात्री 10:55

टीसी येईपर्यंत तरी झोपतील की.

---

खिडकी_क्रमांक_तीन · रात्री 11:10

एक वाट अजून आहे, लोअर टिकवायचा असेल तर. कन्फर्म तिकिटावर एका माणसाच्या जागी त्याच्या घरचा माणूस घालता येतो : आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, एवढेच. अर्ज गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात मुख्य पर्यवेक्षकाकडे द्यायचा. तिकिटाचा प्रिंट, दोघांची ओळखपत्रं आणि नातं दाखवणारा कागद लागतो. एकदाच होतं. दिरांची बायको किंवा मुलगी येत असेल तर 17 तुमच्याच तिकिटावर राहतो, मग आपसात बदलून घ्या.

---

धनश्री_तुकोगंज · सोमवार, 9 डिसेंबर, सकाळी 8:15

माझा अनुभव सांगते, कामी येईल. मागच्या मे महिन्यात एजंटाकडून पाच जणांचं तिकीट काढलं होतं आणि एकाचं रद्द करायला सांगितलं. नाव निघालं, पण पैसे एजंटाच्या खात्यात गेले, कारण भरले त्यानेच होते. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला होता, परत येणारी रक्कमही त्यात होती, मी काही न वाचता त्याला सांगून टाकला. नंतर तो म्हणे, "मॅडम, एवढेच आले." तो मेसेज जपून ठेवला असता तर भांडता आलं असतं.

सुदामानगरची_सून · सकाळी 8:40

आमचं थेट आहे, म्हणजे मिस्टरांच्याच खात्यात येतील. बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी माझ्या खात्यात शोधत बसले असते.

आता परतीचं. तिथे दिरांचं वेटिंगच आहे. ते असंच राहू दिलं तर चार्ट झाल्यावर आपोआप परत येतील ना पैसे?

मामाश्री_रामबाग · सकाळी 8:47

येतात. वेटिंग राहिलं की ई-तिकीट आपोआप रद्द. माझे दर दिवाळीला येतात.

खिडकी_क्रमांक_तीन · सकाळी 9:20

मामा, तुमचे येतात कारण तुम्ही एकटे जाता. तिकिटावरचे सगळेच्या सगळे वेटिंगला राहिले तर तिकीट आपोआप रद्द होतं. एकही कन्फर्म असला की वेटिंगवाल्याचं नावही चार्टवर जातं आणि पैसे आपोआप येत नाहीत. मग टीडीआर म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज भरा, टीसीचं प्रमाणपत्र आणा, असा फेरा. म्हणून दीर येणार नाहीत हे पक्कं असेल तर चार्टच्या आधी स्वतः काढा, वेटिंगचे 60 आणि जीएसटी एवढेच जातील.

पण सूनबाई, थांबा. तुमची परत यायची तारीख पक्की आहे का?

सुदामानगरची_सून · सकाळी 9:33

नाही ना! सासूबाईंची बहीण चिंचवडला असते. तिने धरून ठेवलं तर आम्ही सगळेच दोन दिवस राहू असं मिस्टरांचं चाललंय.

खिडकी_क्रमांक_तीन · सकाळी 9:50

मग दिरांचं परतीचं नाव आज काढू नका.

नियम असा आहे की एकाच तिकिटावर काही कन्फर्म आणि काही वेटिंग असतील, आणि पूर्ण तिकीट गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द केलं, तर कन्फर्मवाल्यांचेही फक्त माणशी 60 आणि जीएसटी कापतात. चार्ट झाल्यावर ऑनलाइन रद्द होत नाही, तेव्हा त्याच मुदतीत टीडीआर भरावा लागतो. तुमचं परतीचं तिकीट आज या प्रकारात बसतं, ते त्या एका WL 9 च्या जोरावर.

समजा रविवारी ठरलं की सगळे राहताय. दिरांचं नाव तिकिटावर असेल तर चौघांचे मिळून 240 आणि जीएसटी जातील. आज त्यांचं काढून टाकलंत तर उरलेलं तिकीट निखळ कन्फर्म होतं. मग रविवारी तिघांचे 25 टक्क्यांनी 350 प्रमाणे 1050 जातील, दिरांचे 60 वेगळे.

मात्र वेटिंग पुढे सरकून दीरही कन्फर्म झाले तर ही सवलत संपली. WL 9 आहे, रोज बघत राहा. आणि नुसत्या आईच मागे राहिल्या तर हा नियम लागत नाही, पूर्ण तिकीट रद्द व्हायला हवं.

धनश्री_तुकोगंज · सकाळी 10:02

साइट हे आपोआप धरते का? की रद्द करताना 25 टक्केच कापून मोकळी होते?

खिडकी_क्रमांक_तीन · सकाळी 10:15

खिडकीवर मी हातांनी केलंय. साइटवर स्वतः केलेलं नाही, खोटं सांगणार नाही. कुणी केलं असेल तर लिहा.

---

सुदामानगरची_सून · मंगळवार, 10 डिसेंबर, दुपारी 1:20

पुतणीला विचारलं, तिची शुक्रवारी परीक्षा आहे. जाऊबाईंना लग्नघरी काकूंशी बोलायचं नाही (तो वेगळा धागा होईल). म्हणून नाव बदलण्याचं राहिलं.

आज सकाळी जाण्याच्या तिकिटातून दिरांचं नाव काढलं. खूण करताना मिस्टर शेजारी उभे राहून नावं वाचत होते. 190 कापले. पीएनआर तोच, आमच्या तिघांपुढे `CNF`, दिरांपुढे `CAN`. नवा प्रिंट पर्सच्या आतल्या कप्प्यात, जुना फाडून टाकला, कारण सासूबाई तोच घेऊन निघाल्या असत्या.

परतीचं तिकीट तसंच ठेवलंय. आज WL 6 झालंय. सरकावं की सरकू नये, तेच कळत नाही.

मामाश्री_रामबाग · दुपारी 1:31

लोअरचं काय?

सुदामानगरची_सून · दुपारी 1:36

20 नंबरवर कोण येतंय ते बघू. शेव आणि गजक बरोबर घेतेय, विचारायच्या आधी डबा उघडीन.

खिडकी_क्रमांक_तीन · दुपारी 2:05

टीसीलाही गाडीत बसल्या बसल्या सांगा. लोअर मोकळा राहिला तर वयस्कर बाईंना तो देऊ शकतो. आणि पुढच्या वेळी आईंचं तिकीट वेगळं काढा, एकटीचं, किंवा त्या आणि त्यांच्या वयाची आणखी एक बाई असं; तुम्हा दोघींचं नव्हे. ज्येष्ठांचा लोअर कोटा चौघांच्या तिकिटात लागत नाही.