मदत हवी आहे: हीटर पद्धतीत विशिष्ट उष्मा दरवेळी जास्तच येते

द्रवाची विशिष्ट उष्मा विद्युत हीटरने मोजतोय. पद्धत तपासायला आधी पाणीच घेतलं: ५० ग्रॅमच्या ॲल्युमिनियम कॅलरीमापीत २०० ग्रॅम पाणी, १२ व्होल्ट, २ अँपिअर, १० मिनिटं. म्हणजे १४४०० ज्यूल उष्णता. तापमान खोलीच्या २५ अंशांवरून ४० वर गेलं. कॅलरीमापीचे ४५ ज्यूल प्रति अंश वजा करून उत्तर आलं ४५७५, खरं तर ४१८६ च्या आसपास हवं.

उष्णता बाहेर जातेय हे उघड आहे. हीटर बंद केल्यावर तापमान आधी किंचित चढलं, मग मिनिटाला ०.२ अंशाने उतरू लागलं. तापताना पाणी खोलीपेक्षा सरासरी निम्म्यानेच गरम होतं, म्हणून निम्मा दर धरून १० मिनिटांचा १ अंश वाढवला. १६ अंशांनी उत्तर ४२७५ आलं. बरंच सुधारलं, पण अजून २ टक्के जास्त.

हे उरलेले १८ ज्यूल प्रति अंश हीटर, ढवळणी आणि तापमापीच खातात का? झाकण आहे, पण हीटरच्या तारांसाठीच्या भोकातून वाफ जाते, तिचाही वाटा असेल का? आणि तो असेल, तर बंद केल्यानंतरच्या उताऱ्यात तो आपोआप येत नाही का?

दुसरा विचार असा: १०० आणि २०० ग्रॅम पाणी घेऊन, प्रवाह बदलून, तेवढ्याच वेळात तेवढीच तापमानवाढ करायची आणि दोन्ही समीकरणांची वजाबाकी करायची. भांड्याचा वाटा आणि ऱ्हास दोन्ही निघून जातात. पण पाण्याची पातळी खाली गेल्यावर ऱ्हास खरंच तेवढाच राहतो का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.